ऑडिओग्राम कसा वाचावा: प्रत्येक कानाचा वेगळा हिशेब

श्रवणचाचणीनंतर रुग्णाच्या हाती जो कागद येतो, त्यावर बहुधा तीन गोष्टी असतात: चौकटींवर काढलेला एक आलेख, त्याखाली प्रत्येक कानासाठी लिहिलेला सरासरीचा एकेक आकडा, आणि ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’, ‘सेन्सरीन्यूरल’, ‘मिक्स्ड’ असे शब्द असलेली निदानाची एखादी ओळ. घरी आल्यावर वाचले जातात ते आकडा आणि ती ओळ. आलेखाकडे मात्र तो तज्ज्ञांसाठीच आहे असे समजून दुर्लक्ष होते. वस्तुतः या तिन्हींत सर्वांत कमी माहिती असते ती सरासरीच्या आकड्यात. ऐकू येण्यातला बिघाड कानाच्या कोणत्या भागात आहे, तो औषधाने वा शस्त्रक्रियेने दुरुस्त होण्याजोगा आहे की नाही, आणि बोलण्यातले नेमके कोणते ध्वनी निसटत आहेत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आलेखाच्या आकारात आणि त्यावरील चिन्हांत दडलेली असतात. हा आलेख, म्हणजेच ऑडिओग्राम, कोणत्या क्रमाने वाचावा हे येथे एका नमुन्याच्या आधारे पाहावयाचे आहे.

प्रथम आलेखाचे दोन अक्ष समजून घ्यावे लागतात. आडव्या अक्षावर ध्वनीची वारंवारता, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या, हर्ट्झ या एककात मांडलेली असते. डावीकडे २५० हर्ट्झचा खर्जातला, जाड आवाज आणि उजवीकडे ८००० हर्ट्झचा बारीक, शिट्टीसारखा आवाज, अशी ही मांडणी पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे खालच्या सुराकडून वरच्या सुराकडे जाते, आणि २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० या प्रत्येक पायरीवर वारंवारता दुप्पट होते, म्हणजेच सूर एका सप्तकाने चढतो. उभ्या अक्षावर आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये असते. मात्र येथे आकडे वरून खाली वाढत जातात, त्यामुळे खूण जितकी खाली तितका आवाज मोठा करावा लागला, म्हणजेच तितके कमी ऐकू येते. इतर आलेखांत वर जाणारी रेषा वाढ दाखवते, या सवयीने पाहणाऱ्याचा येथे हमखास गोंधळ होतो.

या अक्षावरच्या शून्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. शून्य डेसिबल म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे. ज्यांना कानाचा कोणताही विकार नाही अशा तरुण माणसांना त्या त्या वारंवारतेचा जो सर्वांत बारीक आवाज सरासरीने जेमतेम ऐकू येतो, ती पातळी शून्य मानलेली आहे, आणि म्हणूनच आलेखावर एककापुढे ‘एचएल’ ही अक्षरे, म्हणजे ‘हिअरिंग लेव्हल’, लिहिलेली असतात. सरासरीपेक्षा तीक्ष्ण कान असलेल्या माणसाची खूण त्यामुळे शून्याच्याही वर, उणे ५ किंवा उणे १० वर पडू शकते. डेसिबलची ही फूटपट्टी सरळ बेरजेची नसून गुणाकाराची आहे, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे: दर २० डेसिबलला ध्वनीचा दाब दहापट होतो, म्हणून ज्या कानाला एखादा सूर ऐकण्यासाठी ६० डेसिबल लागतात, त्या कानाला निरोगी तरुण कानापेक्षा हजारपट अधिक ध्वनिदाब द्यावा लागलेला असतो. याच कारणाने ‘६० डेसिबलचा दोष म्हणजे ६० टक्के बहिरेपणा’ हे समीकरण पूर्णतः चुकीचे आहे. डेसिबल आणि टक्के ही दोन वेगळी मापे आहेत, आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर येणारा टक्का हा वेगळ्या सूत्राने काढावा लागतो.

आलेखावरची प्रत्येक खूण कशी मिळते, हे कळले की तिच्यावर किती विसंबावे हेही कळते. आवाजबंद खोलीत बसलेल्या व्यक्तीच्या कानावर हेडफोन लावून श्रवणतज्ज्ञ, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, सहसा ज्या कानाने बरे ऐकू येते त्या कानापासून आणि १००० हर्ट्झच्या सुरापासून सुरुवात करतो. सूर ऐकू आल्याची खूण मिळाली की तो १० डेसिबलने उतरतो, न मिळाली की ५ डेसिबलने चढतो, आणि चढत्या क्रमाने दिलेल्या सुरांपैकी किमान निम्म्या वेळा प्रतिसाद मिळेल अशी सर्वांत खालची पातळी ही त्या वारंवारतेचा उंबरठा म्हणून नोंदली जाते. पायरीच मुळात ५ डेसिबलची असल्यामुळे दोन चाचण्यांमध्ये ५ डेसिबलचा फरक पडणे ही मापनाची स्वाभाविक मर्यादा आहे, आणि एवढ्या फरकावरून कान बिघडला किंवा सुधारला असा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

आता चिन्हांकडे वळता येईल. उजव्या कानासाठी लाल रंग व वर्तुळ, डाव्या कानासाठी निळा रंग व फुली, ही खूणगाठ जगभर रूढ आहे. वर्तुळ आणि फुली या दोन्ही खुणा हेडफोनमधून, म्हणजे हवेच्या मार्गाने, दिलेल्या आवाजाच्या आहेत. या मार्गाला वायुवहन म्हणतात आणि त्यात आवाज कानाची नळी, पडदा, पडद्यामागची तीन इवली हाडे आणि अंतर्कर्णातला शंखाकृती अवयव, म्हणजे कॉक्लिया, अशा सर्व टप्प्यांतून जातो. त्यामुळे वायुवहनाची रेषा एकूण किती ऐकू येते एवढेच सांगते. अडथळा कोणत्या टप्प्यावर आहे, हे ती सांगू शकत नाही. तो टप्पा शोधण्यासाठी दुसरी चाचणी करतात, जिच्यात कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक बसवून कवटीलाच कंपने दिली जातात. ही कंपने नळी, पडदा आणि हाडे यांना वगळून जवळजवळ थेट कॉक्लियापर्यंत पोचतात, आणि या मार्गाला अस्थिवहन म्हणतात. अस्थिवहनाच्या खुणा कंसांच्या आकाराच्या असतात, आणि त्या ओळखण्याची सोपी रीत अशी की ज्या कंसाचे तोंड उजवीकडे उघडते तो उजव्या कानाचा आणि ज्याचे तोंड डावीकडे उघडते तो डाव्या कानाचा. कंस टोकदार आहे की चौकटी, यालाही स्वतंत्र अर्थ आहे आणि तो पुढे येईल. अस्थिवहनाची चाचणी सहसा ४००० हर्ट्झपर्यंतच होत असल्याने ८००० हर्ट्झच्या रेघेवर कंस दिसत नाही; ती चाचणीतली उणीव समजू नये.

ऑडिओग्रामवाचनाचे मर्म या दोन मार्गांच्या तुलनेत आहे. एकाच कानाच्या वायुवहनाच्या व अस्थिवहनाच्या खुणा एकमेकींना चिकटून असतील आणि दोन्ही खाली उतरलेल्या असतील, तर नळी, पडदा व हाडे निर्दोष असून बिघाड कॉक्लियात किंवा तिथून मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणचेतेत आहे, असे समजतात, आणि अहवालात त्याला सेन्सरीन्यूरल दोष म्हटलेले असते. उलट अस्थिवहनाच्या खुणा वर, निरोगी पट्ट्यात असून वायुवहनाच्या खुणा मात्र खाली उतरलेल्या असतील, तर कॉक्लिया शाबूत आहे आणि आवाज तिथपर्यंत पोचण्यातच अडथळा आहे. मळ, पडद्याचे छिद्र, मध्यकर्णातला द्रव किंवा हाडांचे जखडणे अशा कारणांनी होणाऱ्या या दोषाला कंडक्टिव्ह दोष म्हणतात. दोन्ही खुणा उतरलेल्या असूनही त्यांच्यात अंतर असेल, तर दोष मिश्र स्वरूपाचा असतो. या अंतराला ‘एअर-बोन गॅप’ असे म्हणतात. १० डेसिबलपर्यंतचे अंतर मापनाच्या मर्यादेत मोडते, त्याहून मोठे अंतर मात्र गांभीर्याने घ्यावे लागते. शस्त्रक्रियेने जे काही परत मिळू शकते ते या अंतराएवढेच असते, म्हणून कानाच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने सरासरीच्या आकड्याआधी हे अंतर पाहणे अगत्याचे आहे.

हे सारे एका नमुन्यावर पडताळून पाहता येईल. इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यात पंचवीसेक वर्षे काम केलेला पन्नाशीतला एक कामगार, ज्याच्या उजव्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून छिद्र आहे, अशी कल्पना केली, तर त्याच्या ऑडिओग्रामवरचे आकडे पुढीलप्रमाणे असू शकतील. सर्व आकडे डेसिबलमध्ये आहेत.

| वारंवारता (हर्ट्झ) | उजवा, वायुवहन | उजवा, अस्थिवहन | डावा, वायुवहन | डावा, अस्थिवहन |
|---|---|---|---|---|
| २५० | ५० | १५ | १५ | १० |
| ५०० | ५० | १५ | १५ | १० |
| १००० | ४५ | १५ | २० | १५ |
| २००० | ४५ | २५ | ३० | २५ |
| ४००० | ७५ | ५५ | ६० | ५५ |
| ८००० | ६५ | – | ४० | – |

डाव्या कानापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्याचे चित्र साधे आहे. त्याच्या वायुवहनाच्या आणि अस्थिवहनाच्या खुणांत प्रत्येक ठिकाणी केवळ ५ डेसिबलचे अंतर आहे, म्हणजे पडदा आणि हाडे यांच्याविषयी कोणतीही शंका घेण्याचे कारण नाही. जो काही दोष आहे तो अंतर्कर्णातला आहे. रेषेचा आकार पाहिला तर ती १००० हर्ट्झपर्यंत निरोगी पट्ट्यात चालते, २००० ला किंचित कलते, ४००० ला एकदम ६० पर्यंत कोसळते आणि ८००० ला पुन्हा ४० पर्यंत वर येते. ४००० हर्ट्झच्या आसपासचा हा खड्डा आणि त्यानंतरची चढण हे दीर्घकाळ गोंगाटात राहिल्याने झालेल्या इजेचे परिचित चिन्ह आहे. कॉक्लियातल्या ज्या केसपेशी या वारंवारतेला प्रतिसाद देतात, त्यांना गोंगाटाचा मार प्रथम बसतो. केवळ वयामुळे आलेल्या दोषात रेषा सहसा ८००० कडे उतरतच जाते, पुन्हा वर येत नाही. अर्थात वय वाढत गेले की ८००० ची बाजूही खाली येते आणि खड्डा बुजल्यासारखा दिसू लागतो, म्हणून साठी उलटलेल्या कामगाराच्या आलेखात खड्डा दिसला नाही, तरी गोंगाटाची शक्यता फेटाळता येत नाही. कामाचा इतिहास विचारावाच लागतो.

याच कानाची सरासरी काढली की सरासरीचा दुबळेपणा उघड होतो. पुष्कळ ठिकाणी ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या तीनच वारंवारतांची सरासरी घेण्याची पद्धत आहे. ती येथे १५, २० आणि ३० यांची, म्हणजे सुमारे २२ डेसिबल येते, आणि २५ डेसिबलपर्यंत कान निरोगी मानणाऱ्या जुन्या, अजूनही प्रचलित असलेल्या वर्गीकरणानुसार अहवालात ‘नॉर्मल’ असा शेरा पडू शकतो. ४००० हर्ट्झ त्यात मिळवले तर सरासरी ३१ होते आणि तोच कान सौम्य दोषाच्या वर्गात जातो. कान एकच, चाचणी एकच, आणि तरीही शेरा बदलतो, कारण एका पद्धतीत तो खड्डा हिशेबातच धरलेला नाही. म्हणून सरासरीचा आकडा वाचताना तो कोणत्या वारंवारतांचा आहे, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ देऊ नये.

त्या खड्ड्याचा बोलणे समजण्याशी काय संबंध आहे, हे मराठी शब्दांवरून सहज दाखवता येते. स्वरांची शक्ती मुख्यतः १००० हर्ट्झच्या खाली व आसपास एकवटलेली असते आणि म, न यांसारखे अनुनासिकही खालच्या पट्ट्यातच असतात. स, श, थ, फ, ख यांसारख्या ध्वनींचा ओळखू येणारा भाग मात्र २००० हर्ट्झच्या वर असून तो स्वरांच्या मानाने फार क्षीण असतो. डाव्या कानाने ऐकणाऱ्या या कामगाराला समोरचा माणूस बोलतो आहे हे स्पष्ट कळते, आवाज पुरेसा मोठाही वाटतो, पण ‘साठ’ मधला स निसटला की कानावर पडतो तो ‘आठ’, आणि ‘पास’ व ‘पाठ’ यांतला भेद संदर्भावरूनच लावावा लागतो. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ ही तक्रार, जी घरातले लोक अनेकदा लक्ष नसण्याची खूण समजतात, तिचे कारण आलेखावर ४००० च्या रेघेवर स्पष्ट दिसत असते. अशा माणसाशी ओरडून बोलल्याने स्वरच मोठे होतात, जे त्याला आधीच ऐकू येत आहेत, आणि व्यंजनांची स्पष्टता फारशी वाढत नाही. संथ, सुटे आणि समोरून बोललेले शब्द त्याला अधिक उपयोगी पडतात. याच कारणाने श्रवणयंत्र सर्व वारंवारता सारख्याच वाढवणारे असून चालत नाही. ते आलेखातील प्रत्येक पायरीनुसार जुळवावे लागते, आणि ऑडिओग्राम न पाहता विकत घेतलेले आवाज वाढवण्याचे यंत्र अशा कानाला नकोसे का होते, याचेही उत्तर येथेच आहे.

उजव्या कानाचे चित्र गुंतागुंतीचे आहे. त्याची तीन वारंवारतांची सरासरी सुमारे ४७ आणि चारांची सुमारे ५४ येते. जुन्या वर्गीकरणात हे दोन्ही आकडे ४१ ते ५५ या मध्यम दोषाच्या वर्गात बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालातल्या वर्गीकरणात मात्र ३५ ते ५० पर्यंत मध्यम आणि ५० ते ६५ पर्यंत मध्यम-तीव्र अशी विभागणी असल्याने चार वारंवारतांनी मोजलेला हा कान एका पायरीने वर सरकतो. दोन ठिकाणच्या अहवालांत दोन वेगळे शब्द दिसले की कान बिघडला असे समजून धास्तावण्याआधी मूळ खुणांची तुलना करावी, ती याचसाठी. पण या कानाविषयीची खरी बातमी सरासरीत नाही, अंतरात आहे. अस्थिवहन १५, १५, १५, २५ आणि ५५ असे आहे आणि वायुवहन ५०, ५०, ४५, ४५ आणि ७५ असे. म्हणजे खालच्या सुरांत ३५, मधल्यात ३० आणि वरच्यात २० डेसिबलचे अंतर पडले आहे. या अंतराचा वाटा पडद्याच्या छिद्राचा आहे, तर ४००० हर्ट्झला अस्थिवहनच ५५ पर्यंत उतरलेले आहे तो वाटा अंतर्कर्णाचा, आणि म्हणून हा दोष मिश्र स्वरूपाचा ठरतो.

दोन्ही कानांच्या अस्थिवहनाच्या रेषा शेजारी ठेवून पाहिल्या की त्या जवळजवळ एकच आहेत, हे लक्षात येते. याचा अर्थ दोन्ही कॉक्लियांची अवस्था सारखीच आहे, गोंगाटाने दोहोंचे सारखेच नुकसान केले आहे, आणि दोन कानांतला वायुवहनाचा मोठा फरक जवळजवळ पूर्णतः उजव्या पडद्याच्या छिद्रामुळे आहे. शस्त्रक्रियेने पडदा बसवून हे अंतर सर्वस्वी भरून निघाले, असे उत्तमातले उत्तम गृहीत धरले, तरी उजवा कान अस्थिवहनाच्या रेषेपर्यंतच येईल; तेथे चार वारंवारतांची सरासरी सुमारे २८ असेल, आणि ४००० चा खड्डा तसाच राहील. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला हे आकडे दाखवून सांगितले, तर नंतर ‘ऑपरेशन होऊनही बोलणे नीट कळत नाही’ ही निराशा टळू शकते. उलट दोन कानांच्या अस्थिवहनाच्या रेषांतच स्पष्ट फरक असता, म्हणजे एकाच बाजूचा अंतर्कर्ण किंवा श्रवणचेता बिघडलेली असती, तर श्रवणचेतेजवळची गाठ नाही ना हे पाहण्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ एमआरआय सुचवण्याची शक्यता असते. सेन्सरीन्यूरल दोषातील असमानता ही नुसते श्रवणयंत्र लावून सोडून देण्याची गोष्ट नव्हे.

मात्र उजव्या कानाच्या या सर्व आकड्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी एक गोष्ट तपासणे अपरिहार्य आहे, आणि ऑडिओग्रामात सर्वाधिक घातक चूक याच ठिकाणी होते. हेडफोनमधून एका कानाला दिलेला मोठा आवाज कवटीतून दुसऱ्या कानाच्या कॉक्लियापर्यंतही जातो. कानावर टेकणाऱ्या नेहमीच्या हेडफोनमध्ये या प्रवासात किमान ४० डेसिबलची घट होईल एवढेच गृहीत धरता येते. अस्थिवहनाच्या कंपकाच्या बाबतीत तर ही घट जवळजवळ शून्य असते, कारण कंपक कोणत्याही बाजूला ठेवला तरी संपूर्ण कवटीच कंप पावते. परिणामी कमजोर कानाची चाचणी चालू असताना प्रत्यक्षात चांगला कान उत्तर देत असतो, आणि उत्तर देणाऱ्या व्यक्तीला हे कळतेच असे नाही. हे टाळण्यासाठी चांगल्या कानात ठरावीक प्रमाणात सरसर असा गोंगाट सोडून त्याला गुंतवून ठेवतात. या क्रियेला मास्किंग किंवा आच्छादन म्हणतात. आच्छादन करून मिळालेल्या उंबरठ्यांची चिन्हे वेगळी असतात: उजव्या कानाच्या वायुवहनासाठी वर्तुळाऐवजी त्रिकोण, डाव्यासाठी फुलीऐवजी चौकोन, आणि अस्थिवहनासाठी टोकदार कंसाऐवजी चौकटी कंस.

नमुन्यातल्या उजव्या कानात ५०० हर्ट्झचा वायुवहनाचा उंबरठा ५० आणि डाव्या कानाचे अस्थिवहन १० आहे. फरक ४० चा असल्याने तेथे, तसेच २५० हर्ट्झला, त्रिकोणच असायला हवा. १००० च्या पुढे हा फरक ३० किंवा त्याहून कमी असल्याने वर्तुळ चालते. पण उजव्या बाजूचे अंतर सर्वत्र १० डेसिबलहून अधिक असल्याने उजव्या अस्थिवहनाच्या प्रत्येक खुणेला चौकटी कंस असणे बंधनकारक आहे. ही चिन्हे का पाहावीत, हे एका कल्पित उलट उदाहरणावरून कळेल. समजा एखाद्या मुलाचा उजवा कान गालगुंडाच्या आजारात कायमचा निकामी झाला असून डावा कान ठणठणीत आहे. आच्छादन न करता चाचणी घेतली, तर उजव्या कानाला दिलेला आवाज ५० ते ६० डेसिबलपर्यंत वाढवताच तो डाव्या कॉक्लियात पोचेल आणि मूल हात वर करील. उजव्या बाजूला ठेवलेल्या कंपकाचा आवाजही डावी कॉक्लियाच ऐकेल आणि अस्थिवहन १० डेसिबलला नोंदले जाईल. कागदावर जे चित्र उमटेल ते निरोगी अस्थिवहन, उतरलेले वायुवहन आणि भलेमोठे अंतर यांचे, म्हणजे शस्त्रक्रियेने दुरुस्त होणाऱ्या कंडक्टिव्ह दोषाचे, असेल. वास्तवात मात्र तो कान मृत आहे आणि आलेखावर दिसते ती चांगल्या कानाची सावली आहे. तेव्हा मोठे अंतर दाखवणाऱ्या ऑडिओग्रामावर, विशेषतः एकाच कानाच्या दोषात, त्रिकोण, चौकोन किंवा चौकटी कंस दिसत नसतील, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी आच्छादनासह चाचणी पुन्हा करून घेण्याचा आग्रह रुग्णाने धरला पाहिजे. असा आग्रह धरणे हा तज्ज्ञावरचा अविश्वास नव्हे. चिन्हांची ही भाषा मुळात अशा पडताळणीसाठीच ठरवली गेली आहे.

खोटे अंतर आणखी एका रीतीने उद्भवते. अतितीव्र दोष असलेल्या कानात २५० किंवा ५०० हर्ट्झला मोठ्या जोराने कंपक चालवला की कॉक्लिया काहीही ऐकत नसताना त्वचेला त्याची थरथर जाणवते, आणि ती जाणीव ऐकल्याची समजून प्रतिसाद दिला जातो. त्यामुळे वायुवहन ९० च्या पलीकडे आणि केवळ या दोन खालच्या सुरांत अस्थिवहन वर, असे चित्र दिसले, तर ते अंतर खरे मानण्याआधी पडद्याची तपासणी आणि मध्यकर्णाचा दाब मोजणारी टिंपॅनोमेट्री यांची साक्ष घ्यावी लागते. खुणेला खाली झुकलेला बाण जोडलेला असेल, तर त्याचा अर्थ यंत्राने देता येईल तेवढा मोठा आवाज देऊनही प्रतिसाद मिळाला नाही, असा असतो. तेथे उंबरठा त्या आकड्यावर आहे असे म्हणता येत नाही.

चाचणीच्या परिस्थितीमुळे होणाऱ्या चुका बहुधा सरळ असतात. खोली आवाजबंद नसेल, रस्त्याचा किंवा पंख्याचा घुमारा आत येत असेल, तर २५० आणि ५०० हर्ट्झचे उंबरठे दोन्ही कानांत सारखेच खाली सरकलेले दिसतात आणि वरचे सूर मात्र ठीक असतात; शिबिरांत केलेल्या चाचण्यांचे आलेख वाचताना हे विसरू नये. कानात घट्ट मळ असेल, तर तो काढल्यावरच चाचणी घ्यावी. यंत्रमागावर किंवा तत्सम गोंगाटात पाळी करून आलेल्या माणसाचा उंबरठा काही तास तात्पुरता उतरलेला असतो, म्हणून चाचणीपूर्वी किमान एक रात्रभर, म्हणजे चौदा ते सोळा तास, गोंगाटापासून दूर राहणे आवश्यक असते. वृद्धांच्या कानाची मऊ नळी हेडफोनच्या दाबाने मिटते आणि वरच्या सुरांत नसलेले अंतर दिसू लागते. अशा वेळी कानात बसणारे छोटे श्रवणक वापरले की ते अंतर नाहीसे होते.

प्रमाणपत्राच्या संदर्भात दोन कान एकत्र पाहिले जातात, हे नमुन्यातल्या कामगाराने जाणून घेणे गरजेचे आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यानुसार बोलण्याच्या वारंवारतांमध्ये दोन्ही कानांना ७० डेसिबलचा दोष असलेली व्यक्ती बधिर आणि दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबलचा दोष असलेली व्यक्ती ऐकण्यास कमजोर मानली जाते. उजव्या कानाची सरासरी ५४ असली, तरी डाव्याची ३१ असल्याने हा कामगार त्या व्याख्येत बसत नाही, जरी गोंगाटाच्या ठिकाणी त्याची अडचण खरीच असली. ऑडिओग्राम शांत खोलीतल्या एकेका सुराची नोंद करतो. गर्दीत बोलणे कितपत समजते हे तो मोजत नाही, आणि म्हणूनच त्याच्या जोडीला शब्द ओळखण्याची चाचणी मराठीतून करून घेणे इष्ट ठरते.

आलेखाचा सर्वांत मोठा उपयोग पुढच्या आलेखाशी तुलना करण्यात असतो, त्यामुळे प्रत्येक चाचणीचा मूळ कागद तारखेसह जपून ठेवावा आणि पुढच्या वेळी सोबत न्यावा. दोन आलेखांत एखाद्या वारंवारतेला १० डेसिबल किंवा त्याहून अधिक फरक दिसला, तर आधी मळ, गोंगाट आणि खोली ही कारणे वगळावीत आणि मग अस्थिवहनाच्या रेषेतही तोच फरक आहे का, ते पाहावे. बदल केवळ वायुवहनात असेल, तर कारण मध्यकर्णात किंवा नळीत शोधावे. दोन्हींत असेल, तर अंतर्कर्णात. एक परिस्थिती मात्र अशी आहे की जिच्यात थांबून तुलना करत बसणे धोक्याचे ठरते: तीन दिवसांच्या आत एका कानाने ऐकू येणे एकाएकी कमी झाले आणि सलग तीन वारंवारतांना ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक अंतर्कर्णाचा दोष आढळला, तर ती तातडीची बाब मानली जाते. अशा वेळी सर्दीमुळे कान दडपला असेल अशी समजूत करून घरगुती उपाय करत बसू नये, कारण स्टिरॉइडचा उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितका तो उपयोगी ठरण्याची शक्यता अधिक असते आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर ती झपाट्याने कमी होते. कान दडपल्यासारखा वाटण्याचे कारण मध्यकर्णातला द्रव आहे की अंतर्कर्णाची इजा, हे बाहेरून सांगता येत नाही. ते सांगते वायुवहन आणि अस्थिवहन यांची जोडी, आणि म्हणून अशा रुग्णाची श्रवणचाचणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करून घ्यावी.